ताटावरचे नाव

आज मी एकाच स्वप्नाबद्दल बोलणार आहे. नौपाड्यातील एका एकत्र कुटुंबातली सून माझ्याकडे समुपदेशनासाठी येत असे. तिच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून मी हे सांगत आहे. लग्नाला नऊ वर्षे झालेली, नोकरी ऐरोलीला, आणि पहाटे येणारे पाणी भरायचे काम तिच्याकडे असल्यामुळे रोज पाचचा गजर. झोपेचे एक चक्र साधारण 90 मिनिटांचे असते आणि त्यातला स्वप्नांचा टप्पा पहाटेकडे लांबत जातो. त्यामुळे गजराने तिची झोप बहुधा स्वप्नातच मोडत असावी, आणि म्हणून ते लक्षात राहत असावे.

स्वप्न असे होते. घरात पंगत बसली आहे, ती वाढते आहे आणि सासूबाई म्हणतात, "आता तूही बसून घे." ती फळीवरून ताट काढते, तर त्यावर थोरल्या जाऊबाईंचे नाव कोरलेले, दुसरे काढते, त्यावर नणंदेचे.

"मला सासूबाईंची भीती वाटते, असाच याचा अर्थ ना?" तिने विचारले. स्वप्नाचा अर्थ असा परस्पर सांगू नये, असे माझे ठाम मत आहे. मी तिला महिनाभर वही ठेवायला सांगितली: उठल्याबरोबर, अर्थ न लावता, जसे दिसले तसे लिहायचे. कॅल्विन हॉल आणि रॉबर्ट व्हॅन डी कॅसल यांनी 1966 मध्ये मांडलेल्या पद्धतीत स्वप्नात कोण होते, कोण रागाने किंवा मायेने वागले आणि सुरुवात कोणी केली, हे मोजतात. आम्ही तेवढेच मोजले. अकरा स्वप्नांपैकी आठांत सासूबाई होत्या, पण रागावलेल्या एकदाच. सहांत मात्र ती स्वतःच कोणाला तरी विचारत होती, "हे कुठे ठेवलंय?"

नऊ वर्षे ज्या स्वयंपाकघरात ती राबली, तिथे ती अजून विचारूनच वस्तू घेत होती. मग तिला आठवले, की आईने नाव घालून दिलेली ताटे माळ्यावर गोणपाटात बांधलेली आहेत.

सासूबाईंच्या मनात काय आहे, हे सुनेचे स्वप्न सांगू शकत नाही. ते त्यांनाच विचारावे लागते. (घरात मारहाण किंवा धाक असेल, तर मात्र असे विचारायला मी कधीच सांगत नाही, तिथे आधी सुरक्षिततेचे पाहावे लागते.) तिने विचारले. सासूबाई म्हणाल्या, "तू कधी काढलीच नाहीस गं. मला वाटलं, माहेरची म्हणून जपून ठेवलीयेस."

ताटे खाली आली. स्वप्न त्यानंतरही दोनदा पडले. फळीवर तिच्या नावाचे ताट होते; पण ती वाढतच राहिली, आणि तिची बसायची वेळ येण्याआधीच गजर झाला. पाणी कोणी भरायचे, हा विषय तिने अजून घरात काढलेला नाही.