GAG: एका कोडॉनच्या नऊ चुका

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आज मी चौसष्ट कोडॉनचा तक्ता पडद्यावर दाखवणार नाही. तो तुम्ही पाहिला आहे, आणि पाठ करून विसरलाही असाल. आपण एकच कोडॉन, म्हणजे तीन अक्षरांचा एक शब्द, घेऊ. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनची बीटा साखळी ज्या जनुकावरून तयार होते, त्यातला सहावा कोडॉन. त्या जागेच्या आसपास डीएनए असा वाचला जातो:

```
CCT GAG GAG AAG
```

यातला पहिला GAG म्हणजे आपला सहावा. त्याचा अर्थ ग्लुटामिक आम्ल. (सुरुवातीचे मिथिओनिन साखळीतून कापले जाते, म्हणून जुन्या पद्धतीत ते मोजत नाहीत. नव्या अहवालात हीच जागा सातवी म्हणून येते. यावरून गोंधळ नेहमी होतो.)

तीन अक्षरे, आणि प्रत्येकाच्या जागी दुसरी तीन येऊ शकतात. म्हणजे एका अक्षराच्या चुका नऊ. पहिले अक्षर बदलले तर AAG, CAG, TAG. मधले बदलले तर GCG, GGG, GTG. शेवटचे बदलले तर GAA, GAC, GAT. या नवांपैकी फक्त GAA चा अर्थ पुन्हा ग्लुटामिक आम्लच आहे. TAG म्हणजे 'थांबा'. उरलेल्या सातांत अमिनो आम्ल बदलते. मूक, निरर्थक आणि अर्थबदल असे उत्परिवर्तनाचे तिन्ही प्रकार एकाच कोडॉनमध्ये सापडले.

आता GAA लाच माफी का? एका अमिनो आम्लाला एकाहून अधिक कोडॉन असणे, याला डीजनरेसी म्हणतात. नाव बदनामीकारक आहे, पण ऱ्हासाशी त्याचा संबंध नाही. एकसष्ट कोडॉन आणि वीस अमिनो आम्ले, तेव्हा पर्याय उरणारच. मिथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन या दोघांनाच प्रत्येकी एक कोडॉन आहे. प्रश्न असा की हे पर्याय बहुतेक वेळा तिसऱ्याच अक्षरात का असतात?

त्याचे उत्तर वाचण्याच्या पद्धतीत आहे. कोडॉन वाचतो तो टीआरएनए, म्हणजे अमिनो आम्ल आणून देणारा छोटा आरएनए, आपल्या अँटिकोडॉनची तीन अक्षरे जुळवून. दोन्ही पट्ट्या उलट दिशांनी धावतात, म्हणून कोडॉनचे तिसरे अक्षर अँटिकोडॉनच्या पहिल्यासमोर येते. रायबोसोम पहिल्या दोन जोड्यांचा आकार कसून तपासतो. तिसऱ्या जोडीवर पहारा ढिला असतो. 1966 साली फ्रान्सिस क्रिकने मांडले की या जागी जोडी थोडी सरकू शकते, आणि या डुगडुगण्याला त्याने 'वॉबल' म्हटले. अँटिकोडॉनच्या पहिल्या जागी U असेल तर तो A शी जुळतो आणि G शीही. G असेल तर C आणि U दोन्ही चालतात. इनोसिन हे बदललेले अक्षर असेल तर U, C आणि A असे तिघेही.

म्हणून ई. कोलाय जिवाणूत UUC अँटिकोडॉनचा एकच टीआरएनए GAA आणि GAG दोन्ही वाचतो, आणि दोन्हींसाठी ग्लुटामिक आम्लच आणतो. GAC आणि GAT (आरएनएमध्ये GAU) मात्र त्याला वाचता येत नाहीत. ते वेगळ्या टीआरएनएचे काम आहे आणि तो ॲस्पार्टिक आम्ल आणतो. म्हणजे ढिलाई आहे, पण कशीही नाही. इथे A आणि G या मोठ्या अक्षरांत एकाच्या जागी दुसरे, C आणि U या लहानांतही तसेच, एवढीच. आणि माफी हुकली तरी ॲस्पार्टिक आम्ल ग्लुटामिकसारखेच ऋण भाराचे असते, हेही लक्षात घ्या.

मधल्या अक्षरावर येऊ. GTG म्हणजे व्हॅलिन. ऋण भाराच्या, पाण्यात रमणाऱ्या अमिनो आम्लाच्या जागी पाणी टाळणारे अमिनो आम्ल आले, आणि तेही रेणूच्या पृष्ठभागावर. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की शेजारच्या रेणूवर एक खाच उघडी पडते. हे व्हॅलिन तिच्यात नेमके बसते, रेणूंच्या लांब दोऱ्या बनतात, आणि पेशी विळ्याच्या आकाराची होते. दोन्ही प्रती अशा असल्या की सिकलसेल आजार.

पण त्याच जागी GCG आले तर? तिथे ॲलानिन बसते. तेही भाररहितच, पण आकाराने लहान, म्हणून खाच नीट भरत नाही आणि दोऱ्या बनत नाहीत. या प्रकाराला हिमोग्लोबिन जी-मकासर म्हणतात. आणि हा केवळ कुतूहलाचा विषय नाही. जनुकातले एकच अक्षर बदलणाऱ्या बेस एडिटिंगच्या तंत्राला GTG चा GAG करणे सहज जमत नाही, पण GCG करणे जमते. म्हणून प्रयोगात चूक मूळपदावर न आणता तिची दुसरी, निरुपद्रवी चूक केली गेली. त्यामुळे 'मिसेन्स', म्हणजे अर्थबदल, आहे एवढे ऐकून मला काहीच कळत नाही. कोणते आम्ल, कोणत्या जागी, हे आधी सांगा.

'थांबा'चा परिणाम सहसा सरसकट वाईट मानतात, आणि साखळी जितकी लवकर तुटेल तितके वाईट असेही. ते खरे नाही. याच जनुकात एकोणचाळिसाव्या जागी CAG चा TAG होतो, तेव्हा साखळी पाव लांबीवरच थांबते. पण पेशी असा एमआरएनए ओळखते. जनुकाचे एमआरएनएत राहणारे तुकडे म्हणजे एक्झॉन; थांबा-खूण त्यांच्या शेवटच्या सांध्याच्या साधारण 50 ते 55 अक्षरांहून अधिक अलीकडे आली, की एमआरएनए नष्ट केला जातो. अर्धवट साखळी जवळजवळ बनतच नाही, आणि एक प्रत धड असलेला माणूस बहुधा फक्त वाहक राहतो. 121 व्या जागी GAA चा TAA झाला, तर खूण शेवटच्या एक्झॉनमध्ये पडते आणि ही तपासणी चुकते. तुटकी साखळी भरपूर बनते, पेशीत साचते, आणि एकच प्रत बिघडलेली असूनही थॅलेसेमिया होतो. उशिरा आलेला पूर्णविराम जास्त महागात पडतो.

मूक उत्परिवर्तनाबद्दल मात्र मला सावध करायचे आहे. चोविसाव्या कोडॉनमध्ये GGT चा GGA होतो. दोन्ही ग्लायसिनच. तक्ता म्हणेल, काही झाले नाही. पण ही जागा अशी आहे:

```
मूळ:    GGT G|GT GAG
बदलून:  GGA G|GT GAG
```

एक्झॉन संपतो त्या जागी AG आणि लगेच GT ही ओळख स्प्लायसिंगची, म्हणजे मधला भाग कापून एक्झॉन जोडणारी, यंत्रणा शोधते. इथे GT आधीपासून होते. T चा A झाल्याने त्याआधी AG तयार झाले. झोपलेली खोटी खूण जागी झाली. काही एमआरएनए खऱ्या जागी न कापता इथेच कापले जातात. त्यांत 16 अक्षरे कमी पडतात, आणि 16 ला तीनने भाग जात नाही, म्हणून पुढचे सगळे वाचन बिघडते. धड बीटा साखळी कमी पडते आणि थॅलेसेमिया होतो.

अहवालात ही ओळ 'प्रथिनात बदल नाही' अशी छापून येते. प्रथिनाच्या क्रमावरून बघाल तर ती निर्दोष वाटेल. ती पकडायची असेल तर रुग्णाच्या तरुण लाल पेशींतला आरएनए घ्यावा लागतो, त्याच्या प्रती जेलवर लांबीनुसार वेगळ्या कराव्या लागतात आणि बीटा साखळीच्या नेहमीच्या पट्ट्याखाली 16 अक्षरांनी आखूड असा दुसरा पट्टा दिसतो का, ते पाहावे लागते.