चौदा व्हॉइस नोट, एकोणीस मिनिटं आणि विड्याची पानं

(कॅमेऱ्याकडे बघत, हातात फोन)

नमस्कार मंडळी. २०२५च्या गौरीपूजनाच्या वेळची गोष्ट सांगते. पूजन सोमवारी, १ सप्टेंबरला. जेवण मोठ्या काकूकडे चिंचवडला. आणि गुरुवारी रात्री आमच्या घरच्या ग्रुपवर चौदा व्हॉइस नोट साचलेल्या, सगळ्या मिळून एकोणीस मिनिटं. खाली काकूचा मेसेज : "ऐकून घ्या सगळ्यांनी आणि आपापलं काम बघा."

आपापलं काम म्हणजे नेमकं कोणतं? ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मग मी वही घेऊन बसले. तेव्हा जे केलं तेच आज दाखवते.

पहिल्यांदा सगळं दीडपट वेगाने ऐकलं आणि काहीच लिहिलं नाही. कारण तिसऱ्या नोटेत ठरलेलं जेवण संध्याकाळचं होतं, नवव्या नोटेत ते दुपारवर आलं. पहिल्याच ऐकण्यात लिहायला बसलं की वहीत खाडाखोडच उरते. आजीची नोट मात्र साध्या वेगाने ऐकली. दीडपट वेगात आजी भांडल्यासारखी वाटते.

दुसऱ्यांदा ऐकताना मी फक्त क्रियापदाचा कर्ता पकडला. "मी", "आम्ही" की "आपण"? आपल्या भाषेने इथे मोठी सोय करून ठेवली आहे. धाकटे काका म्हणाले, "आम्ही केळीची पानं आणतो." म्हणजे काका-काकू आणणार, विषय मिटला. वहिनी म्हणाली, "घावन-घाटलं मी करते, आठला येते." मिटला. पण दादा म्हणाला, "फळं आपण मार्केट यार्डातून आणून टाकू." या "आपण"मध्ये बावीस माणसं आहेत, त्यामुळे प्रत्यक्षात एकही नाही. चौदा नोटांमध्ये अशी पाच "आपण" सापडली. शिवाय "आणायला हवं", "सांगून ठेवलेलं बरं" ही वाक्यं. ती ऐकताना काम झाल्यासारखं वाटतं, पण कर्ता शोधायला गेलं तर कोणी नसतं.

आणि "बघतो". आमच्या घरी "बघतो"चा अर्थ माणसागणिक बदलतो. मोठे काका "बघतो" म्हणाले की काम झालंच समजा. दादा म्हणाला तर ते माझ्या अंगावर येणार. हे बाहेरच्याला कळणार नाही, म्हणून यादी घरातल्याच कोणीतरी करावी.

(वही कॅमेऱ्यासमोर धरून)

पानाचे दोन भाग केले. डावीकडे कबूल झालेली कामं, उजवीकडे बेवारशी. उजवी बाजू जास्त भरली, हे सांगायला नको.

आता आजीची नोट. चार मिनिटं दहा सेकंद. त्यात गावच्या घरातल्या गौरी, खड्यांच्या गौरी आणायला नदीवर जायच्या त्या बायका, पावसात भिजलेली तेरड्याची रोपं. सगळ्यांनी बहुधा दुसऱ्या मिनिटाला नोट सोडली. तिसऱ्या मिनिटानंतर आजी सहज म्हणते, "आणि मला हल्ली गोळीच्या आधी खावं लागतं गं, एकच्या पुढे चालत नाही." बस, एवढंच वाक्य. पण त्याने अख्ख्या दिवसाचं वेळापत्रक ठरलं. आजीचं पान एकला वाढायचं, म्हणजे नैवेद्य साडेबाराला. म्हणजे पूजेला साडेअकराच्या आत बसायचं आणि पुरणपोळ्या साडेनऊला सुरू व्हायला हव्यात. आत्या तोपर्यंत "आम्ही बाराला पोचतो" असंच धरून चालली होती.

हे आजीचं काम नाही, ती अट आहे. मी अटी पानाच्या वर, चौकटीत लिहिते, कारण खालची सगळी कामं त्यांच्यावर तपासायची असतात.

तपासायची कशी, ते साड्यांवरून सांगते. आत्या म्हणाली, "गौरींच्या दोन्ही साड्या मी घेतल्यात, येताना आणते." चोख वाक्य, कर्ता आहे, काम आहे. डाव्या बाजूला गेलंसुद्धा. मग मी सगळी कामं वारांखाली मांडली आणि चमकले. आत्या येणार सोमवारी. गौरींचं आवाहन रविवारी, ३१ ऑगस्टला. आमच्याकडे गौरी आवाहनाच्याच दिवशी साड्या नेसवून उभ्या करतात. म्हणजे साड्या पोचेपर्यंत गौरी कशा उभ्या राहणार? काकूने नोट ऐकली होती, आत्या स्वतः बोलली होती, दोघींच्याही लक्षात आलं नाही. दोघींचं ऐकताना काही चुकीचं वाटत नाही. वारांखाली मांडलं की दिसतं.

वारावरून आठवलं. धाकट्या काकांची अकरावी नोट, जशीच्या तशी : "फुलवाल्याशी परवा बोललो, तो परवा देतो म्हणाला." पहिला परवा मागचा, दुसरा पुढचा. पण पुढचा कुठून मोजायचा, बोलल्या दिवसापासून की नोटेच्या दिवसापासून? नोटेपासून मोजलं तर शनिवार, आणि शनिवारची शेवंती सोमवारी माना टाकणार. इथे अंदाज बांधायचा नाही, फोन करायचा. केला. काकाच गोंधळले. शेवटी फुलवाल्याला विचारून सोमवारी सकाळी सात असं ठरलं.

आता यादी पाठवायची. थोरांना "काका : फुलं" असं लिहिलं की हुकूम वाटतो. म्हणून कबूल झालेलं सरळ लिहिलं आणि बेवारशी कामं विचारून.

(स्क्रीनवर मेसेज)

"गौरीपूजन, सोमवार १ सप्टेंबर. आजीचं पान दुपारी १ वाजता.
मोठी काकू : दीड किलो डाळीचं पुरण, रविवारी रात्री. सोळा भाज्यांची भाजी.
वहिनी : घावन-घाटलं, सोमवारी सकाळी ८.
धाकटे काका-काकू : केळीची पानं २५, फुलं सोमवारी सकाळी ७.
आत्या, साड्या रविवारी दुपारच्या आत चिंचवडला हव्यात. दादा शनिवारी तुझ्याकडून घेऊन जाईल, चालेल ना?
दादा, फळं तुझ्याकडे धरू का? शनिवारी त्याच वाटेवर आहेस.
ताई, सासूबाई येणार आहेत का? एक पान त्यांचं धरलंय."

सातव्या नोटेत आत्याने मागच्या वर्षीच्या बासुंदीवरून काकूला टोमणा मारला होता. तो यादीत आला नाही. काकूने ती नोट ऐकली असेलच, पण लिहून काढलं की बोलण्यातलं हसू जातं आणि टोचणीच उरते.

आणि एक, तुम्ही स्वतः व्हॉइस नोट पाठवली असेल तर ती दाबून धरून माहिती बघा. कोणी ऐकली आहे ते तिथे दिसतं. "मी सांगितलं होतं" म्हणण्याआधी तेवढं बघून घ्यावं.

मेसेज गेला. आत्याने लगेच अंगठा दिला, दादाने तासाभराने "हो" लिहिलं. आणि मोठ्या काकांनी, ज्यांचं यादीत नावच नव्हतं, पन्नास सेकंदांची व्हॉइस नोट पाठवली. त्यात यादीचं कौतुक, चिंचवडचा पाऊस, गाडी कुठे लावायची. शेवटच्या चार सेकंदांत :

"...आणि अगं, विड्याची पानं आपण आणतोय ना?"