लिपी तीच, खोली वेगळी

नमस्कार मंडळी.

इंदूरच्या मराठी घरांमधून एक प्रश्न मला सारखा विचारला जातो. आज त्याच्याबद्दलच बोलते. नात शाळेत हिंदी धडाधड वाचते, राजवाड्यापासून घरापर्यंत दिसेल ती पाटी वाचून दाखवते. पण आजीने मराठी गोष्टीचं पुस्तक हातात दिलं, की तिसऱ्या ओळीत अडखळते. लिपी तर तीच, मग अडतं कुठे?

उत्तरासाठी लिपीचा प्रकार आणि लिपीची खोली या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात.

आधी प्रकार. रोमन लिपीत स्वर आणि व्यंजन दोघांनाही स्वतंत्र अक्षर मिळतं आणि ती एकापुढे एक मांडली जातात. आपल्याकडे 'क' लिहिला की त्यात 'अ' आलाच. दुसरा स्वर हवा असेल तर काना, मात्रा, वेलांटी द्यायची, आणि स्वर नकोच असेल तर पाय मोडायचा किंवा जोडाक्षर करायचं. अशा लिप्यांना पीटर डॅनियल्स या अभ्यासकाने १९९० मध्ये 'अबुगिडा' हे नाव दिलं. ते इथिओपियाच्या गीझ लिपीवरून घेतलेलं आहे, कारण तिथेही व्यंजनाच्याच आकारात बदल करून स्वर दाखवतात.

खोली म्हणजे लिहिलेलं आणि उच्चारलेलं यांच्यातलं अंतर. फिनिश भाषेत ते जवळजवळ नाहीच, इंग्रजीत फार मोठं आहे. २००३ साली सेमूर आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या तेरा भाषांमधल्या नुकतंच वाचायला शिकलेल्या मुलांची तुलना केली. पहिल्या वर्षाच्या शेवटी फिनिश मुलं ओळखीचे शब्द ९८ टक्के बरोबर वाचत होती. स्कॉटलंडमधली इंग्रजी वाचणारी मुलं ३४ टक्क्यांवर होती. मुलं तितकीच हुशार, पण इंग्रजीत एका अक्षराचे अनेक उच्चार आणि एका उच्चाराची अनेक स्पेलिंगं, त्यामुळे वेळ लागतो.

हे ऐकलं की आपण लगेच म्हणतो, आपली देवनागरी फिनिशसारखी, जसं बोलतो तसं लिहितो, तेव्हा आपली मुलं वर्षभरात वाचायला लागायला हवीत. तसं होत नाही. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर काम केलं. कन्नडही आपल्यासारखीच अक्षरलिपी आणि उच्चाराला बऱ्यापैकी प्रामाणिक. तरीही अक्षरं पक्की होण्याचं काम मुलांमध्ये तिसरी-चौथीपर्यंत चालू असल्याचं त्यांना दिसलं. कारण खोली कमी असली तरी पसारा मोठा आहे. इंग्रजीत सव्वीस अक्षरं. आपली चौतीस व्यंजनं बारा खणांत मांडली तरी चारशेच्या वर आकार होतात, आणि जोडाक्षरं अजून बाहेरच आहेत. मूल ती सगळी पाठ करत नाही, ते भाग जोडून वाचतं. पण हे भाग सुटे पाडायला शिकणं हेच कष्टाचं आहे. दुसरीतल्या मुलाला सांगून बघा, 'पाणी'मधला पहिला आवाज काढून टाक. पुष्कळ मुलं 'णी' म्हणतात. 'आणी' म्हणायला 'पा'च्या आत शिरावं लागतं, आणि अक्षरलिपीत वाढलेल्या मुलाला ते दार उशिरा उघडतं.

त्यातून पहिली वेलांटी. ती उच्चारात व्यंजनानंतर येते, पण कागदावर आधी. 'कविता'मध्ये ती 'क' आणि 'व' यांच्यामध्ये उभी असते, म्हणून नवखं मूल ती मागच्या अक्षराला चिकटवून 'किवता' वाचतं. हिंदी वाचकांवर ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी केलेल्या २००२ च्या अभ्यासातही अशा शब्दांना जास्त वेळ लागलेला दिसतो.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. खोली लिपीत नसते, ती लिपी आणि भाषा यांच्या जोडीत असते. एकच देवनागरी हिंदीसोबत जितकी खोल, तितकीच मराठीसोबत असेल असं नाही.

काही गोष्टी हिंदीतून आयत्या मिळतात. 'सरक' लिहिलं की शेवटचा 'अ' आपण गिळतो, आणि 'सरकून' झालं की 'र'मधलाही गिळून 'सर्कून' म्हणतो. लिहिताना मात्र काहीच बदलत नाही. हिंदीतही 'सरका' असंच चालतं, म्हणून इंदूरच्या मुलांना हे शिकवावं लागत नाही. वेलांटीचा पेचही त्यांनी शाळेतच सोडवलेला असतो.

अडतं ते 'च', 'ज', 'झ' यांच्यापाशी. मराठीत यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि चिन्ह एकच. 'माझा' म्हणताना जीभ दातांमागे असते, 'माझी' म्हणताना टाळूकडे जाते. 'चार' तालव्य, 'चारा' दंत्य. 'हे जग सुंदर आहे' आणि 'शंभर वर्षं जग' यांतले दोन 'जग' मोठ्याने म्हणून बघा. इकार किंवा 'य' पुढे आला की उच्चार तालव्य होतो, एवढा नियम हाताशी आहे. बाकी ठिकाणी शब्दच माहीत असावा लागतो. म्हणजे या कोपऱ्यात मराठी इंग्रजीसारखी वागते. घरात तो शब्द कानावर पडलेला नसेल, तर मूल हिंदीची एकच सवय सगळीकडे लावतं आणि 'चांगला' पाटीवरच्या 'चाय'सारखा वाचतं.

दुसरी जागा 'र'ची. रफार हिंदीतही आहे, पण मराठीतला 'ऱ्य' हिंदीत नाही. 'आचार्यांना नमस्कार' आणि 'आचाऱ्यांना जेवायला वाढा' ही दोन वाक्यं घ्या. पहिल्यात 'र्य'चा आघात मागच्या 'चा'वर येतो, दुसऱ्यात येत नाही. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतही तेच. हिंदी शिकलेलं मूल चंद्रकोरीसारखा 'र' पाहून थांबतं, किंवा दोन्ही सारखेच वाचून पुढे जातं, आणि वाक्याचा अर्थ सुटतो. 'ज्ञान'चा 'ग्यान' होतो, पण त्यातून अर्थ बिघडत नाही, म्हणून ते मी कधी फार टोकत नाही.

पालकांनी काय ऐकावं? इंग्रजीत वाचनाची अडचण चुकांत दिसते. उथळ लिप्यांत ती बहुधा वेगात दिसते. जर्मन मुलांच्या अभ्यासांत हे स्पष्ट झालं आहे. शब्द बरोबर, पण एकेक अक्षर चाचपडत. आपण 'बरोबर वाचलं' म्हणून खूश होतो आणि खरी अडचण निसटते. म्हणून ओळखीच्या शब्दांचा एकच परिच्छेद काही आठवड्यांच्या अंतराने वाचून घ्या आणि वेळ लिहून ठेवा. सोबत एक अनोळखी परिच्छेदही घ्या. ओळखीच्यात वेग वाढत असेल, आणि अडखळणं फक्त 'च', 'ज', 'ऱ्य' अशा शब्दांवर असेल, तर वाचन ठीक आहे, ऐकलेली मराठी कमी पडते आहे. त्याला उपाय म्हणजे मूल वाचण्याआधी तोच परिच्छेद आजीने मोठ्याने वाचणं.

दुसरीत जोडाक्षरावर थांबणाऱ्या मुलाला घाई करू नका, पसारा मोठा आहे. पण चौथी संपत आली तरी साधी, मात्रांची अक्षरं वेळ खात असतील, तेही हिंदी आणि मराठी दोन्हीत, तर ते भाषेचं कारण समजू नका. वाचनाच्या अडचणी तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या, आणि जाताना ते वेळ लिहिलेले कागद सोबत असू द्या.