सहाव्या ओळीतला किलोग्रॅम

[दृश्य: टेबलावर एक कागद. निळ्या शाईत सात ओळी. शेजारी टोकदार पेन्सिल.]

हवेतून खाली पडणाऱ्या वस्तूचं हे डेरिव्हेशन आहे. हवेचा विरोध वेगाच्या प्रमाणात वाढतो असं धरलंय. पहिली ओळ न्यूटनच्या दुसऱ्या नियमाची: `m dv/dt = mg − kv`. शेवटची, सातवी ओळ: `v = (mg/k)(1 − e^(−kt))`.

उत्तर दिसायला अगदी बरोबर आहे. `t` शून्य ठेवा, वेग शून्य येतो. `t` खूप मोठा घ्या, वेग `mg/k` वर स्थिरावतो, आणि तो अंतिम वेग खराच आहे. उत्तर तपासताना आपण सहसा एवढंच पाहतो, आणि या दोन्ही तपासण्यांतून हे उत्तर सुखरूप सुटतं. तरीही ते चूक आहे.

[दृश्य: पेन्सिल घातांकाखाली रेघ ओढते.]

पहिल्या ओळीत `kv` हे बल आहे. बलाला वेगाने भागलं की `k` चं एकक मिळतं: किलोग्रॅम प्रति सेकंद. त्याला सेकंदांनी गुणलं की उरतो किलोग्रॅम. म्हणजे `e` च्या डोक्यावर किलोग्रॅम बसलाय! घातांकात फक्त निव्वळ संख्या चालते. `e` चा घात उलगडला की एक, अधिक `x`, अधिक `x` चा वर्ग अशी बेरीज निघते, आणि एक, किलोग्रॅम आणि किलोग्रॅमचा वर्ग यांची बेरीज होऊच शकत नाही.

आता प्रश्न असा, की बिघाड शिरला कुठे? सात ओळी पहिल्यापासून वाचायची गरज नाही. पहिली ओळ शाबूत, सातवी बिघडलेली, म्हणून मधली बघू या.

[दृश्य: चौथी ओळ, `−(m/k) ln(g − kv/m) = t + C`]

इथे मात्र जपून. लॉगच्या आत त्वरण बसलंय, आणि लॉगलाही निव्वळ संख्याच लागते. चूक सापडली असं वाटून पुष्कळ जण इथेच थांबतात. पण ही चूक नाही, उधारी आहे. इंटिग्रेशनच्या स्थिरांकात, `C` मध्ये, तसाच एक लॉग दडलेला आहे. पाचव्या ओळीत `t = 0` ला `v = 0` घातलं की `C = −(m/k) ln g` मिळतो. दोन लॉगांची वजाबाकी म्हणजे भागाकाराचा लॉग. त्वरणाला त्वरणाने भागलं, उरलं `1 − kv/mg`, निव्वळ संख्या. उधारी फिटली. बाहेरच्या `m/k` चं एकक सेकंद, उजवीकडचा `t` सेकंदात. पाचवी ओळही शाबूत.

[दृश्य: सहावी ओळ, `ln(1 − kv/mg) = −kt`. पेन्सिल थांबते.]

डावीकडे संख्या, उजवीकडे किलोग्रॅम. घोटाळा या ओळीतच झालाय. पाचवीतून सहावीत येताना डावीकडचा `m/k` उलटा होऊन उजवीकडे जायला हवा होता. `k` गेला, `m` वाटेत गळला. डोळ्यांना तो जाणवतही नाही, कारण डाव्या कंसात `mg` मधला `m` समोरच दिसत असतो.

या एका अक्षराने किती फरक पडतो? वस्तुमान 0.2 किलोग्रॅम आणि `k` 0.1 किलोग्रॅम प्रति सेकंद घेऊ. दोन सेकंदांनंतर खरा वेग सुमारे 12.4 मीटर प्रति सेकंद येतो. या कागदाप्रमाणे येतो सुमारे 3.6. आणि वस्तुमान नेमकं एक किलोग्रॅम घेतलं असतं तर? दोन्ही आकडे तंतोतंत जुळले असते. म्हणून तपासणीसाठी 1 ही संख्या मी कधीच निवडत नाही. त्याहून वाईट म्हणजे सुरुवातीलाच `m = 1` लिहून अक्षर पुसून टाकणं. मग मिती तपासायला कागदावर काही उरतच नाही.

मितीला सगळं दिसतं असंही नाही. `m` ऐवजी घातांकाचं वजा चिन्ह हरवलं असतं, तर सहावी ओळ मितींच्या दृष्टीने निर्दोष ठरली असती. ती चूक पकडायला मघाचीच `t` मोठा घेण्याची तपासणी लागते, कारण तेव्हा वेग स्थिरावत नाही, उलट दिशेने वाढतच जातो. एखादा सुटलेला 2 किंवा π सुद्धा मितीला दिसत नाही.

[दृश्य: पेन्सिल `kt` च्या खाली रेघ मारून `m` लिहिते. सातव्या ओळीतही तसंच.]

आता घातांक `−kt/m`. अगदी सुरुवातीचा, छोटासा `t` घेऊन पाहू. आधीच्या उत्तरातून `v ≈ mgt` येत होतं, म्हणजे वेगाच्या जागी संवेग. आता कंसातून `kt/m` निघतो, बाहेरच्या `mg/k` मधले `m` आणि `k` दोन्ही कटतात आणि उरतं `v ≈ gt`. हात सुटल्या क्षणी, हवेचा विरोध जाणवायच्या आधी, वस्तू अशीच पडते.