सुई खाली, मोठी नस वर

श्रोतेहो, नमस्कार. हाताशी कागद आणि पेन असेल तर घेऊन बसा. आज तुमच्याकडून एक चित्र काढून घेणार आहे. पाच रेघांचं चित्र आहे, चित्रकला यायची गरज नाही.

मी नागपुरात लहान मुलांचा डॉक्टर आहे. भंडारा, गोंदिया, पलीकडून बालाघाट, छिंदवाड्याहूनही आजारी मुलं नागपूरला येतात. ताप आहे, झटका येऊन गेला, मूल गुंगीत आहे, मान ताठ झाली आहे, असं दिसलं की आम्हाला मेंदूज्वराची शंका येते. मग आम्ही पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदूभोवती असतं तेच पाणी, सुईनं काढून तपासायला सांगतो, आणि नातेवाईक एकदम मागे सरतात. म्हणतात, "बाकी काहीही करा, पाठीत सुई नको."

भंडारा जिल्ह्यातून आलेल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. मुलगा पाच वर्षांचा. दोन दिवस ताप, सकाळी झटका, दुपारी आमच्याकडे. आई-वडील सहीला तयार होते, पण घरात शब्द चालायचा आजीचा. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या गावच्या एका पोराच्या पाठीत सुई टोचली अन् त्याचे पाय गेले. म्या सही करू देनार नाही."

ही भीती खोटी म्हणून झटकता येत नाही. आजींनी ते पोर पाहिलं होतं. पण मेंदूज्वर स्वतःच हातपाय लुळे करू शकतो. सुई आधी टोचली आणि पाय नंतर गेले, एवढंच गावाला दिसलं. आत आजार काय करत होता ते कुणाला दिसलं नाही.

सलाईन सुरू होतं, रक्ताचे नमुने घेऊन झाले होते आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस आम्ही देऊन टाकला होता. हे लक्षात ठेवा, पाण्याच्या तपासणीसाठी औषध थांबवायचं नसतं. मग आजींना खुर्ची दिली आणि केसपेपर उलटा करून त्यांच्यासमोर ठेवला. (आपल्याकडे दवाखान्याच्या दर्शनी भागात चकचकीत फरशी असते, पण चार नातेवाईक आणि एक डॉक्टर बसतील एवढं टेबल कुठे सापडत नाही. सही कॉरिडॉरमध्ये, भिंतीवर कागद टेकवून होते. नवा दवाखाना बांधणाऱ्यांनी आधी हे टेबल मांडावं असं माझं मत आहे.)

आता काढा माझ्याबरोबर. मूल कुशीवर झोपलेलं आहे, म्हणून पाठही आडवीच काढा. मूल समोर जसं झोपलेलं दिसतं तसंच कागदावर दिसू द्या. उभा सांगाडा काढला की घरच्यांना तो आपल्या लेकराशी जुळवता येत नाही. दोन आडव्या समांतर रेघा मारा, ही मणक्यांमधली नळी. डावीकडे डोकं, उजवीकडे कंबर. नळीच्या आत डोक्याकडून एक जाड रेघ ओढत आणा आणि कंबर सुरू होते तिथे थांबवा. ही मोठी नस, मज्जारज्जू. ती माकडहाडापर्यंत जात नाही. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपते. त्यापुढे नळीत फक्त पाणी आणि सुटे, बारीक धागे. तिथे तीन-चार बारीक रेघा मारा, त्यांना एकच धरू. आता पाचवी रेघ, सुई. ती तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधे, म्हणजे जाड रेघ संपल्यावर बरंच खाली, आपल्या आडव्या चित्रात उजवीकडे. सुई खाली, मोठी नस वर.

आजींनी कागद निरखला आणि नेमका प्रश्न विचारला, "अन् हे बारीक धागे सुईनं तुटले तं?"

मी सांगितलं, धागे पाण्यात सुटे तरंगतात, सुई आली की बाजूला होतात. क्वचित एखाद्याला सुई लागते, पायात क्षणभर झटका बसतो, मग आम्ही सुई मागे घेऊन दिशा बदलतो. आजी सुनेकडे वळल्या, "पान्यातल्या शेवयांत काडी घातली तं शेवया सरकतेत, तसं हाय हे."

मग मी त्यांना एक काम दिलं. म्हटलं, आजी, आता सुई कुठे जाणार ते मला तुम्ही दाखवा. नुसतं "समजलं का" विचारलं तर माणसं आदरापोटी मान हलवतात. सांगायला लावलं की कळतं. आजींनी सुनेच्या कमरेवर दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडेला हात ठेवले आणि अंगठे पाठीवर मधे आणले. जवळजवळ चौथा मणका तिथेच येतो, आम्हीही जागा अशीच शोधतो. तुम्हीही आत्ता स्वतःच्या कमरेवर करून पाहा.

पुढचा प्रश्न वडिलांचा होता, पाणी ओढून घेतल्यावर मेंदू कोरडा नाही का पडणार? पाणी आम्ही ओढतच नाही. मुलाला गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर धरतात, म्हणजे मणक्यांमधली फट उघडते. कातडी स्वच्छ करून बधिर करतात. सुई पोचली की तिच्यातली तार काढतात आणि पाणी थेंब थेंब आपोआप बाटलीत पडतं. एकूण तीन-चार मिली, चहाच्या चमच्यापेक्षा कमी. शरीर हे पाणी सतत तयार करत असतं, तेवढं थोड्याच वेळात भरून येतं.

आजींनी मान डोलावली, वडिलांनी सही केली. पाणी गढूळ आलं. त्यातली साखर १८ आणि त्याच वेळी रक्तातली ९६. एरवी पाण्यात रक्ताच्या साधारण दोन तृतीयांश साखर असते. पांढऱ्या पेशी भरपूर होत्या. म्हणजे हा जंतूंचा मेंदूज्वर होता आणि औषधाचा मार्ग ठरला. हे पाणी मिळालं नसतं तर क्षयाचा मेंदूज्वर की साधा जंतूंचा, हा अंदाज राहिला असता. क्षयाचं औषध वर्षभर चालतं, या मुलाचं दहा दिवसांत संपलं. तो चालत घरी गेला.

धोके आहेत आणि तेही त्याच कागदावर लिहावेत. नंतर डोकं किंवा कंबर दुखू शकते. पाण्यात रक्ताची रेघ येऊ शकते, तेव्हा अहवाल वाचताना ते धरावं लागतं. जंतुसंसर्ग फार क्वचित होतो. खरी सावधगिरी वेगळीच आहे. मेंदूवर दाब खूप वाढला असेल तर खालून पाणी काढल्यावर मेंदू खाली सरकू शकतो. म्हणून मूल बेशुद्धीकडे जात असेल, बाहुल्या असमान असतील, तर ही तपासणी तेव्हा करत नाहीत, सीटी स्कॅन आधी होतो. रक्तातल्या प्लेटलेट फार कमी असतील किंवा सुईच्या जागी फोड असेल तरीही थांबतात. डॉक्टरांनी "आज नको" म्हटलं तर ती टाळाटाळ समजू नका. औषध मात्र तेव्हाही सुरूच राहतं.

पुन्हा एकदा, सुई खाली, मोठी नस वर. अगदी तान्ह्या बाळात ही नस थोडी आणखी खाली, तिसऱ्या मणक्यापर्यंत असू शकते, म्हणून तिथे सुईही आणखी खालची जागा घेते.

आणि जंतूंच्या मेंदूज्वरातून उठलेल्या प्रत्येक मुलाची कानांची तपासणी करून घ्या, मूल नीट बोलत-खेळत असलं तरी. या आजारात ऐकू येणं कमी होऊ शकतं आणि लहान मूल ते सांगत नाही. घरी जाताना डिस्चार्जच्या कागदावर ती तारीख लिहून मागा. नमस्कार.