मिरीच्या पाकिटावरच्या चार ओळी

(दृश्य: पांढरी बशी. वरून काळी मिरी पडते, दाणे टणटण उडतात.)

ही 100 ग्रॅम काळी मिरी. ऑनलाइन विकायची आहे, म्हणून तिच्याखाली वर्णन लिहिलंय: ‘हाताने खुडलेली, निवडक, शाही चवीची प्रीमियम मिरी.’

आता हे जरा तपासून बघू. मिरीचा वेल झाडावर चढतो आणि घोस शिडी लावून हातानेच काढावे लागतात. म्हणजे जी मिरी हाताने खुडलेली नाही, ती शोधूनही सापडायची नाही. ‘निवडक’ म्हणजे कशातून काय निवडलं? ‘शाही’बद्दल बोलायलाच नको. अख्खं वाक्य वाचून झालं, तरी पाकिटात नेमकं काय आहे ते कळलं नाही.

(दृश्य: पाकिटावर ‘तेलिचेरी’ हा शब्द.)

मग कुणीतरी सुचवतं, ‘तेलिचेरी’ लिहा. ऐकायला हे गावाचं नाव, आणि ते आहेच. केरळच्या किनाऱ्यावरचं थलश्शेरी. पण मिरीच्या व्यापारात ‘तेलिचेरी’ म्हणजे दाण्याचा आकार. साधारण सव्वाचार मिलिमीटरच्या चाळणीवर जो टपोरा दाणा राहतो, तो तेलिचेरी. मिरी त्या गावाच्या आसपासची असेलच असं नाही. त्यामुळे हा शब्द उगमाच्या रकान्यात टाकला की खरा शब्द वापरूनही माहिती चुकीची जाते. चहातही हीच गंमत आहे. ‘ऑरेंज पेको’ वाचून संत्र्याचा वास शोधणारे भेटतात. ती पानाची प्रत आहे, स्वाद नव्हे.

आपल्या मिरीचं असं लिहू: ‘उगम: इडुक्की, केरळ. दाणा: 4.25 मिमीपेक्षा मोठा.’ दोन वेगळ्या गोष्टी, दोन वेगळ्या ओळी.

(दृश्य: तीन वाट्या. अख्खी मिरी, भरड, पूड.)

पुढची ओळ दळणाची. अख्खी म्हटलं की प्रश्न मिटला. पूड म्हटलं तरी बहुतेकांना अंदाज येतो. घोळ होतो तो ‘भरड’पाशी. एकाची भरड म्हणजे दाण्याचे दोन-चार तुकडे, दुसऱ्याची जवळजवळ रव्यासारखी. दोघंही खरंच बोलतायत, आणि गिऱ्हाईक पाकीट परत पाठवतंय! इथे विशेषणापेक्षा चाळणी कामाची: ‘2 मिमीच्या चाळणीतून पडते, 1 मिमीच्या चाळणीवर राहते.’ शेजारी पट्टी ठेवून काढलेला एक फोटो टाकला, तर ज्याला मिलिमीटर डोळ्यांपुढे येत नाहीत त्यालाही समजेल.

(दृश्य: पाकिटावरचा तारखेचा शिक्का, अगदी जवळून.)

आणि तारीख. खरी मेख इथे आहे.

समजा, ही मिरी फेब्रुवारीत वेलावरून उतरली, उन्हात वाळली आणि पोत्यात पडून राहिली. जूनमध्ये तिची भरड केली. नोव्हेंबरमध्ये पाकिटात भरली. शिक्का नोव्हेंबरचा बसला. शिक्का खोटा नाही, पण त्यावर ‘ताजी’ लिहिलं की झाली फसवणूक. मिरीचा वास उडून जाणाऱ्या तेलांचा असतो. अख्ख्या दाण्यात ती तेलं बऱ्यापैकी टिकतात. दळली की त्यांना बाहेर पडायला हजार वाटा फुटतात. तिखटपणा मिरीतल्या पिपरीन या घटकाचा, तो मागे राहतो. म्हणूनच जुनी पूड जिभेला झोंबते, पण नाकाला काही सांगत नाही. तेव्हा दळलेल्या मालावर पॅकिंगच्या तारखेइतकीच दळणाची तारीख महत्त्वाची. माझ्या मते थोडी जास्तच. शिवाय काढणीचा महिना माहीत असेल तर तोही लिहावा.

(दृश्य: काट्यावर पाकीट. आकडा स्थिरावतो: 108.)

काटा 108 ग्रॅम दाखवतोय. रिकामं पाकीट 8 ग्रॅमचं, म्हणजे आत मिरी 100. ‘निव्वळ वजन’ ते हे. पाकिटाचं वजन त्यात धरायचं नाही. फोटोतल्या फुगलेल्या पाकिटावर तर अजिबात जाऊ नये. चांगल्या भरीव मिरीचं लिटरभर माप साधारण 550 ग्रॅम भरतं. त्या हिशेबाने 100 ग्रॅमला 180 मिलिलिटरच्या आसपास जागा लागते. दाणे पोचट असतील तर तेवढंच वजन आणखी जागा अडवतं. पाकीट जास्त भरलेलं दिसतं आणि माल हलका निघतो.

(दृश्य: जुनं वर्णन पुसलं जातं. नव्या ओळी एकेक उमटतात.)

‘काळी मिरी, भरड. उगम: इडुक्की, केरळ. 2 मिमीच्या चाळणीतून पडते, 1 मिमीच्या चाळणीवर राहते. काढणी फेब्रुवारी, दळण जून, पॅकिंग नोव्हेंबर. निव्वळ वजन 100 ग्रॅम.’

जून आणि नोव्हेंबर शेजारी शेजारी वाचले की विकणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं. पुढच्या खेपेला तो पोतं अख्खंच ठेवतो आणि पाकीट भरायच्या आदल्या दिवशी दळतो.

(दृश्य: जातं फिरू लागतं.)