१.१ क्रिएटिनिन, पण कुणाचं?

(दृश्य : टेबलावर शेजारी शेजारी दोन रिपोर्ट. दोन्हींवर क्रिएटिनिनची ओळ.)

निवेदन :

हे दोन रिपोर्ट एकाच लॅबचे आहेत. दोन्हींत क्रिएटिनिन १.१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे आणि दोन्ही ठिकाणी ते साध्या अक्षरात छापलंय, म्हणजे लॅबच्या मर्यादेत आहे. पहिला रिपोर्ट २८ वर्षांच्या, व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणाचा. दुसरा सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातल्या ६२ वर्षांच्या बाईंचा. वजन ४५ किलो. त्यांचा रिपोर्ट आपण नमुना म्हणून ओळीओळीने वाचणार आहोत.

क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. स्नायू रोज ठरावीक प्रमाणात ते रक्तात सोडतात, किडनी ते गाळून लघवीत टाकते. म्हणजे रक्तातला आकडा दोन गोष्टींवर ठरतो : तयार किती होतं आणि गाळलं किती जातं. तरुणाच्या अंगावर स्नायू भरपूर, त्यामुळे त्याचं १.१ साहजिक आहे. बाईंच्या अंगावर स्नायू कमी. त्यांचं क्रिएटिनिन मुळात कमीच तयार होतं, तरीही ते १.१ पर्यंत साचलंय.

हा फरक दिसावा म्हणून रिपोर्टमध्ये खाली, बहुतेकदा बारीक अक्षरात, ईजीएफआर नावाची ओळ असते. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष, यांवरून काढलेला हा गाळण्याच्या वेगाचा अंदाज. २०२१ च्या सीकेडी-एपीआय सूत्राने तरुणाचा ईजीएफआर ९४ येतो, बाईंचा ५७. साठच्या खालचा आकडा किमान तीन महिने टिकला, तर त्याला किडनीचा दीर्घकालीन आजार म्हणतात. एका रिपोर्टवरून तसं म्हणता येत नाही. सूत्राला वजन आणि स्नायू कळत नाहीत, हेही ध्यानात ठेवायचं. ते सरासरी माणूस गृहीत धरतं, म्हणून अगदी किरकोळ अंगाच्या माणसाचा आकडा प्रत्यक्षापेक्षा चांगला दिसू शकतो. रिपोर्टवर ही ओळच नसेल, तर लॅबकडे किंवा डॉक्टरांकडे ती मागून घ्यावी. नुसतं क्रिएटिनिन वाचण्यात अर्थ नाही.

(दृश्य : बाईंचा रिपोर्ट जवळून. युरिया ५८, पुढे वर जाणारा बाण.)

आता युरिया. बाईंचा ५८ आहे आणि लॅबची वरची मर्यादा ४३. इथे आधी ओळीचं नाव नीट वाचायचं. काही लॅब ‘युरिया’ देतात, काही ‘बीयूएन’, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया मिळतो. मागच्या वर्षी एका लॅबचा बीयूएन १८ आणि यंदा दुसऱ्या लॅबचा युरिया ३८ आला, तर किडनी बिघडलेली नाही, माप बदललंय. घरोघरी या एका गोष्टीवरून उगाच घबराट होते.

बाईंचा युरिया बीयूएनमध्ये आणला तर २७ होतो. त्याला क्रिएटिनिनने, म्हणजे १.१ ने, भागलं की साधारण २५ येतात. हे गुणोत्तर वीसच्या वर गेलं की पहिला संशय किडनीच्या आतल्या बिघाडाचा नसतो, किडनीकडे पोहोचणाऱ्या रक्ताचा असतो. अंगात पाणी कमी पडलं की किडनी पाणी परत खेचून घेते आणि त्याबरोबर युरियाही परत रक्तात येतो. क्रिएटिनिन तसं परत येत नाही. म्हणून युरिया उडी मारतो आणि क्रिएटिनिन थोडंच हलतं. हेच गुणोत्तर पोटात किंवा आतड्यात रक्तस्राव होत असेल तरी वाढतं, कारण पचलेल्या रक्तातल्या प्रथिनांचा युरिया होतो. शौच डांबरासारखं काळं होत असेल, तर पाणी प्यायचा सल्ला पुरेसा नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

बाईंच्या बाबतीत आदल्या चार दिवसांची चौकशी केली की चित्र उलगडतं. एप्रिलचा उन्हाळा. ‘उपाशीपोटी या’ याचा अर्थ त्यांनी पाणीसुद्धा प्यायचं नाही असा घेतला. रात्री आठपासून सकाळी साडेसातपर्यंत घोटभरही नाही. वास्तविक साधं पाणी चालतं. बीपीसाठी त्या टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी घेतात. आणि गुडघा दुखतो म्हणून तीन दिवस दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक चालू होती.

(दृश्य : किडनीतल्या गाळणीचं रेखाचित्र. एक नळी आत येणारी, एक बाहेर जाणारी.)

या तीन औषधांचं एकत्र येणं नीट समजून घेण्यासारखं आहे. किडनीतल्या प्रत्येक बारीक गाळणीत एक रक्तवाहिनी आत येते आणि एक बाहेर जाते. गाळण्यासाठी लागणारा दाब या दोघींच्या तोंडाशी राखला जातो. डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक आत येणारी वाहिनी आकसवतं. टेल्मिसार्टन बाहेर जाणारी सैल करतं. तिसरं, हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवी वाढवून अंगातलं पाणी कमी करतं. एकेकटं असताना किडनी सांभाळून घेते. तिन्ही एकत्र आणि वर उन्हाळा, की गाळणीतला दाब पडतो आणि क्रिएटिनिन चढतं. बीपीची गोळी चालू असताना दुकानातून वेदनाशामक आणू नये, ते यासाठी. पण म्हणून बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करणं हाही उपाय नव्हे.

(दृश्य : पोटॅशियम ५.७, ठळक अक्षरात.)

रिपोर्टमधला सगळ्यात घाबरवणारा आकडा पोटॅशियमचा आहे. मर्यादा ३.५ ते ५.१, आणि इथे ५.७. पोटॅशियम खरंच वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून हा आकडा उद्यावर टाकायचा नसतो. पण तो खरा आहे का, हे आधी तपासावं लागतं, कारण सगळ्या रिपोर्टमध्ये पोटॅशियमइतकं फसवं दुसरं काही नाही.

तांबड्या रक्तपेशींच्या आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त पोटॅशियम असतं. पेशींच्या आवरणातला पंप ते आत कोंडून ठेवतो. सुई घेताना पेशी फुटल्या की ते बाहेर येतं; मग सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ भाग, लालसर दिसतं आणि लॅब ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा मारते. हे पकडता येतं. न पकडता येणारं दुसरंच आहे. नमुना घरून किंवा गावातल्या शिबिरातून गोळा झाला, नळी बर्फाला टेकवून ठेवली आणि शहरातल्या लॅबमध्ये पोहोचायला चार-पाच तास लागले, तर थंडीने पंप मंदावतो आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं. पेशी फुटलेल्या नसतात, सिरम स्वच्छ पिवळं दिसतं, शेरा येत नाही, आकडा मात्र चढतो. म्हणून पिवळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त अर्धा तास गोठू देऊन, साधारण दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सिरम वेगळं करायला हवं. तिसरी गंमत सुई घेताना होते. दंडाला पट्टा बांधून ‘मूठ उघडा, मिटा’ असं बराच वेळ करायला लावलं की हाताच्या स्नायूंमधूनच पोटॅशियम रक्तात येतं. आणि जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रसायन चुकून या नळीत गेलं, तर पोटॅशियम अफाट वाढतं आणि त्याच वेळी कॅल्शियम अफाट पडतं. ही जोडी दिसली की जाणता माणूस आधी नमुन्यावर संशय घेतो.

रिपोर्टवर नमुना घेतल्याची आणि लॅबमध्ये मिळाल्याची अशा दोन वेळा छापलेल्या असतात. बाईंच्या रिपोर्टवर त्या सकाळी ७.४० आणि दुपारी १२.२० आहेत. म्हणून डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी तालुक्याच्या लॅबमध्ये, मूठ न आवळता, पुन्हा रक्त घ्यायला लावलं आणि सोबत ईसीजीही काढला. ईसीजी ठीक होता, पोटॅशियम ४.९ आलं. टेल्मिसार्टन आणि वेदनाशामकामुळे ते थोडं वरच्या अंगाला होतं, बाकीचं प्रवासाचं. बाजारात ‘लो सोडियम’ म्हणून मिळणारं मीठ घरात असतं, तर तेही विचारावं लागलं असतं, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं.

सोडियम बाईंचं १३४ आहे. खालची मर्यादा १३५. एका अंकाने कमी, आणि थायझाइड घेणाऱ्या वयस्कर माणसात अपेक्षितच. लोक यावर मीठ जास्त खायला सांगतात, तो चुकीचा सल्ला आहे. रक्तातलं सोडियम म्हणजे बहुतेक वेळा पाण्याशी असलेलं प्रमाण, ताटातल्या मिठाचा हिशेब नव्हे. १३० च्या खाली गेलं किंवा माणूस गोंधळल्यासारखा वागू लागला, तर मात्र ताबडतोब दाखवायचं. क्लोराइड सहसा सोडियमच्या मागे मागे चालतं, त्यावर वेगळं थांबायची गरज इथे नाही.

युरिक ॲसिड ६.९. स्त्रियांसाठी लॅबची मर्यादा ६, म्हणून बाण. साधारण ६.८ च्या पुढे युरिक ॲसिड रक्तात विरघळलेलं राहत नाही, त्याचे खडे होऊ शकतात. पण आकडा वाढला म्हणजे गाउट झाला असं नाही. पायाच्या अंगठ्याचा सांधा सुजून लाल झालेला नाही, मुतखडा नाही, तर नुसत्या आकड्यावर सहसा औषध देत नाहीत. उलट गाउटच्या ऐन झटक्यात युरिक ॲसिड नॉर्मलही येऊ शकतं. बाईंच्या वाढीचं कारण थायझाइड आहे. पाणी कमी असल्याने त्यात भर पडली. तूरडाळ आणि पालक बंद करून इथे काही साधणार नव्हतं.

(दृश्य : दहा दिवसांनंतरचा रिपोर्ट.)

डायक्लोफिनॅक थांबवलं, पाणी नीट सुरू झालं. दहा दिवसांनी युरिया ३४, क्रिएटिनिन ०.९, ईजीएफआर ७२, पोटॅशियम ४.६. गुणोत्तर अठराच्या खाली. युरिक ॲसिड ६.७, कारण गोळी तीच आहे. घरच्यांना वाटलं, सुटलो.

पण या सगळ्या पॅनलमध्ये लघवीची तपासणीच नाही. बीपी किंवा मधुमेहामुळे किडनीला होणारी इजा क्रिएटिनिन हलायच्या बरीच आधी लघवीत दिसते. गाळणीतून अल्ब्युमिन हे प्रथिन निसटायला लागतं. त्यासाठी एसीआर नावाची तपासणी वेगळी सांगावी लागते. सकाळची पहिली लघवी दिली तर उत्तम. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन असणं अपेक्षित.

बाईंचं ६८ आलं. ताप, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशीची फार दगदग यांनीही ते वाढतं, म्हणून लघवीची साधी तपासणी करून संसर्ग नाही ना, ते आधी पाहिलं. आता पुढच्या तीन ते सहा महिन्यांत एसीआर आणखी दोनदा व्हायचं आहे. तीनपैकी दोन वेळा तीसच्या वर आलं, तर ईजीएफआर ७२ असूनही तो किडनीचा आजारच धरतात, आणि मग त्या गोळीतलं टेल्मिसार्टन अल्ब्युमिनची गळती कमी करतं म्हणून मुद्दाम चालू ठेवतात.